रोटा लस पाजल्यावर बाळाने उलटी केली तर काय करावे?

दीड महिन्याच्या बाळाला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नेले की आधी तोंडातून दोन लसी मिळतात आणि मग सुया. तोंडातल्या लसींपैकी एक पोलिओची, दुसरी रोटाची. रोटा लस रोटाव्हायरस नावाच्या विषाणूमुळे होणाऱ्या हगवण-उलटीपासून बाळाला वाचवते. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ती २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झाली आणि २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातही आली. आज सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयापासून नवरगाव, गुंजेवाहीसारख्या गावांतल्या लसीकरण सत्रांपर्यंत ती मोफत मिळते. डोस तीन असतात: ६, १० आणि १४ आठवड्यांना.

घरच्यांना घोर लागतो तो लस पाजल्यानंतर. बाळ थुंकते, दूध टाकते, कधी भडाभडा ओकते. मग अम्मीला वाटते लस वाया गेली, दादी म्हणते लस बाधली, आणि कोणी सांगते की उद्या जाऊन पुन्हा पाजून आणा. या तिन्ही बोलण्यांत थोडी थोडी गल्लत आहे. म्हणून हा विषय आम्ही नीट उलगडून मांडत आहोत.

सगळ्यात आधी थोडक्यात उत्तर

लस तोंडात पडताच बाळाने तिचा बहुतेक भाग बाहेर टाकला, तर तिथल्या तिथे नर्सबाईंना दाखवा. त्या ठरवतील आणि गरज वाटली तर त्याच वेळी एकच डोस पुन्हा देतील. लस गिळून झाली आणि नंतर दुधासोबत उलटी झाली, तर सहसा पुन्हा डोस लागत नाही. घरी गेल्यावर उलटी झाली तर लसीसाठी परत जाऊ नका. पुढचा डोस ठरल्या तारखेला घ्या. मात्र उलट्या थांबतच नसतील, उलटी हिरवी असेल किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर लसीचा विचार बाजूला ठेवा आणि बाळाला तातडीने दवाखान्यात न्या.

आता यातली एकेक गोष्ट का, ते पाहू.

लस किती असते आणि बाहेर काय येते

सरकारी कार्यक्रमात भारतात बनलेल्या दोन रोटा लसी वापरल्या जातात. एक रोटाव्हॅक, हैदराबादच्या भारत बायोटेकची. दुसरी रोटासिल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. रोटाव्हॅकचा डोस म्हणजे फक्त पाच थेंब, अर्धा मिली. रोटासिलचा डोस जास्त असतो. पावडरीत द्रव मिसळून केलेली असेल तर अडीच मिली, आणि तयार द्रव असेल तर दोन मिली. ती थेंबांनी न देता बिनसुईच्या सिरिंजने तोंडात सोडतात. आपल्या बाळाला कोणती लस मिळाली, हे सत्रातच विचारून घ्या.

हे मोजमाप माहीत असले की अर्धी काळजी मिटते. पाच थेंब म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम दहावा भाग. लस गिळल्यावर दहा मिनिटांनी बाळाने वाटीभर वाटावे इतके दूध ओकले, तर त्यात दिसते ते जवळपास सगळे दूधच असते. लसीतला थोडा भाग त्यात आलाही असेल, पण किती आला आणि किती पोटात राहिला हे डोळ्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, ही लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची आहे. तो विषाणू आतड्यात जाऊन तिथे वाढतो आणि त्यातून बाळाचे शरीर रोटाव्हायरसशी लढायला शिकते. म्हणजे डोसातला प्रत्येक थेंब आतड्यात पोचलाच पाहिजे असे नाही. शिवाय डोस एक नाही, तीन आहेत. एका डोसाच्या वेळी थोडी लस बाहेर आली तरी पुढचे दोन डोस बाकी असतात. म्हणूनच पुढचा डोस चुकवणे हे उलटीपेक्षा जास्त नुकसानीचे आहे.

पुन्हा डोस कधी मिळतो

रोटाव्हॅकच्या माहितीपत्रकात यासाठी सोय आहे. बाळाने लसीचा बहुतेक भाग थुंकला किंवा बाहेर काढला, तर त्याच भेटीत एक बदली डोस देता येतो. यात तीन अटी आहेत आणि तिन्ही लक्षात ठेवायला हव्यात. बाहेर आलेली लस ‘बहुतेक’ असावी, ओठांवर एखादा थेंब ओघळला म्हणून नाही. डोस ‘त्याच भेटीत’ द्यायचा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि तो ‘एकच’. बदली डोसही बाळाने ओकला तर तिसरा देत नाहीत. मग पुढच्या महिन्याच्या डोसाची वाट पाहायची.

देता येतो म्हणजे द्यायलाच हवा असे नाही. निर्णय लस देणाऱ्या नर्सबाईंचा किंवा डॉक्टरांचा. बाळाच्या तोंडातून काय बाहेर आले ते त्यांनी स्वतः पाहिले असेल, तर त्यांना ठरवणे सोपे जाते. म्हणून लस पाजताना बाळाचा चेहरा नर्सबाईंना दिसेल असा धरा, आणि बाहेर आलेली लस घाईने ओढणीने पुसून टाकू नका. आधी दाखवा, मग पुसा.

वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे सांगतात, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. त्यामागे कारण आहे. खासगी दवाखान्यांत परदेशी कंपन्यांच्या लसीही मिळतात. त्यांतल्या रोटाटेक या लसीचे माहितीपत्रक सांगते की बाळाने थुंकली तरी बदली डोस देऊ नये, कारण तसे देऊन पाहिलेले नाही. रोटारिक्सच्या पत्रकात त्याच भेटीत एक बदली डोस देण्याची मुभा आहे. अमेरिकेतले सरकारी मार्गदर्शन मात्र कोणत्याच रोटा लसीचा डोस पुन्हा देऊ नका असे सांगते. म्हणजे एका डॉक्टरांनी डोस दिला आणि दुसऱ्यांनी नाही म्हटले, तर त्यांतला एक चुकलाच असे समजू नका. दोघांचेही एका गोष्टीवर एकमत असते: उरलेले डोस वेळेवर पूर्ण करायचे.

पोलिओशी गल्लत नको

एकाच सत्रात आधी पोलिओचे दोन थेंब आणि मग रोटा दिली जाते, त्यामुळे दोन्हींचे नियम लोक एकत्र करतात. पोलिओचे थेंब बाळाने लगेच ओकले तर तेही त्याच वेळी पुन्हा पाजतात. पण पोलिओच्या मोहिमेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना वरचेवर थेंब मिळत राहतात आणि जास्तीचे थेंब घ्यायला हरकत नसते. त्यामुळे ‘थेंब आहेत, दोनदा पाजले तर काय बिघडते’ असे आपल्या मनात बसले आहे. रोटासाठी घरोघरी मोहीम नसते. तिचे डोस मोजके, वय ठरलेले. ती आपल्या मनाने दोनदा पाजायची गोष्ट नाही.

उलटी झाल्यावर नर्सबाईंनी पोलिओचेच थेंब पुन्हा दिले की रोटाचे, हेही विचारून घ्या. घरी गेल्यावर ‘पुन्हा पाजले’ एवढेच लक्षात राहते, आणि नंतर कोणी विचारले तर सांगता येत नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातल्या अंगणवाडीत सत्र आहे. सहा आठवड्यांची मुलगी आहे. अम्मीने निघताना तिला पोटभर पाजले आणि वाटेत ती झोपली. अकरा वाजता नर्सबाईंनी पोलिओचे दोन थेंब दिले, मग रोटाव्हॅकचे पाच थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडले. पुढे तीन शक्यता आहेत.

पहिली शक्यता: थेंब पडताच मुलगी खोकली, जिभेने लस बाहेर ढकलली आणि ती हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळली. नर्सबाईंनी पाहिले, गिळल्यासारखे काहीच वाटले नाही. इथे त्या बाळाला शांत करून पुन्हा पाच थेंब देऊ शकतात. या वेळी ते हळू, एकेक करून, गिळायला वेळ देत सोडायचे.

दुसरी शक्यता: थेंब गिळले गेले. मग मांडीला सुया टोचल्या, मुलगी जोरजोरात रडली, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने दूध ओकले. ही उलटी बहुधा भरल्या पोटी रडण्याची आहे. थेंब गिळून झाले होते. माहितीपत्रकात मिनिटांचा आकडा दिलेला नाही, म्हणून नर्सबाईंना सांगा आणि त्यांचे ऐका. ‘डोस झाला, पुढच्या महिन्यात या’ असे त्या म्हणाल्या तर तेच बरोबर आहे. हट्ट धरू नका.

तिसरी शक्यता: सत्रात सगळे ठीक झाले. अर्धा तास बसून अम्मी घरी गेली आणि दुपारी तीन वाजता मुलीने एकदा दूध टाकले. मग ती पुन्हा प्यायली, लघवी केली, झोपली. इथे काहीच करायचे नाही. चार तासांनंतरच्या उलटीमुळे डोस वाया गेला असे मानत नाहीत.

तिन्ही वेळी कार्डावर पहिला डोस दिल्याची नोंद होते आणि चार आठवड्यांनी, म्हणजे १० आठवड्यांना, दुसरा डोस घ्यायचा असतो. ‘उलटी झाली, नोंद करू नका, आम्ही नंतर पुन्हा घेऊ’ असे सांगू नका. त्याने हिशोब बिघडतो आणि बाळाला नको असलेला डोस मिळण्याची शक्यता तयार होते. त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन दुसऱ्या कंपनीची रोटा लस पाजणे, ही तर त्याहून मोठी चूक.

उलटी होऊच नये म्हणून

थोडी तयारी केली तर हा प्रश्न बऱ्याचदा येतच नाही. बाळाला उपाशी नेऊ नका. लसीच्या आधी किंवा नंतर अंगावरचे दूध बंद ठेवायची गरज नाही. दिल्लीतल्या बाळांवर झालेल्या एका अभ्यासात दूध थांबवून पाहिले, पण त्याने लसीचा परिणाम वाढला नाही. मात्र दूध पाजून लगेच आडवे करून लस पाजली तर उलटी होणार हे उघड आहे. पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग नंबर लावा.

लस पाजताना बाळ मांडीवर थोडे मागे टेकलेले हवे, पूर्ण आडवे नाही. डोके किंचित वर. लस गालाच्या आतल्या बाजूला सोडली की बाळ ती गिळते. थेट घशाकडे सोडली की ठसका लागतो. बाळ रडत असताना पाजण्याची घाई नको. सुया नंतर द्यायच्या असतात त्याचे एक कारण हेच, की सुईने रडायला लागलेले बाळ तोंडातली लस नीट घेत नाही.

लस झाल्यावर सत्राच्या ठिकाणी अर्धा तास थांबायला सांगतात. कामाची कितीही घाई असली तरी तेवढा वेळ थांबा. बाळाने लस टाकली तर ते बघणारे आणि ठरवणारे माणूस तिथेच असते.

बाळाला आधीपासूनच जोरात उलट्या-हगवण सुरू असेल तर ते लस पाजण्याआधी सांगा. अशा वेळी बाळ बरे होईपर्यंत डोस पुढे ढकलतात. साधी सर्दी असेल तर लस थांबवत नाहीत. बाळाला याआधी आतड्यात आतडे अडकण्याचा त्रास झाला असेल, तर तेही आधी सांगा. अशा बाळाला रोटा लस देत नाहीत.

घरी आल्यावर

अंगावरचे दूध नेहमीप्रमाणे चालू ठेवा. एकदा उलटी झाली तर दहा-पंधरा मिनिटे बाळाला उभे धरा आणि मग थोडे थोडे पाजा. या लसीनंतर एखाद-दुसरी उलटी, थोडी पातळ शी, किरकिर हे होऊ शकते आणि आपोआप थांबते. ताप आला तर तो बहुधा सोबत दिलेल्या सुईचा असतो. त्यासाठी नर्सबाईंनी सांगितले तेवढेच औषध, तेवढ्याच प्रमाणात द्या.

उलटी थांबावी म्हणून घुट्टी, मध किंवा पाणी देऊ नका. एक वर्षाच्या आत मध देणे धोक्याचे आहे, कारण त्यातून बाळाला अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. घरातल्या मोठ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ही गोष्ट त्यांना आदराने आणि स्पष्ट सांगायला हवी.

लसीतला विषाणू काही दिवस बाळाच्या शीमधून बाहेर पडू शकतो. म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा. घरात कोणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर त्यांनी याची जास्त काळजी घ्यावी.

कोणती उलटी धोक्याची

आतापर्यंत आम्ही जे सांगितले ते साध्या उलटीबद्दल. एक उलटी मात्र वेगळी असते. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरतो आणि तिथे रस्ता बंद होतो. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. हा आजार लस न घेतलेल्या बाळांनाही होतो, विशेषतः चार ते दहा महिन्यांच्या वयात. परदेशातल्या रोटा लसींनंतर पहिल्या आठवड्यात तो किंचित जास्त दिसला आहे, एक लाख बाळांमागे साधारण एक ते सहा जास्तीची बाळे. आपल्याकडच्या रोटाव्हॅकबद्दल भारतातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा वाढलेला धोका आढळला नाही.

तरीही खुणा प्रत्येक घराला माहीत असाव्यात, कारण उशीर झाला तर आतडे सडू लागते. बाळ अचानक जोरात रडते, पाय पोटाशी ओढते, काही मिनिटांनी शांत होते आणि पुन्हा तसेच रडते. उलट्या थांबत नाहीत आणि पुढे हिरव्या होतात. पोट फुगते. बाळ ढिले, सुस्त पडते. शीमध्ये रक्त किंवा लाल जेलीसारखा चिकट पदार्थ येतो. रक्त सगळ्यात शेवटी दिसू शकते, म्हणून त्याची वाट पाहत बसू नका.

साधी उलटी आणि ही उलटी यांतला फरक ओळखायची सोपी रीत अशी. साध्या उलटीत दूध बाहेर येते आणि थोड्या वेळाने बाळ पुन्हा ओढीने पिते. धोक्याच्या उलटीत बाळ प्यायला नकार देते किंवा प्यायलेले प्रत्येक वेळी बाहेर टाकते, आणि मधल्या वेळातही ते नेहमीसारखे दिसत नाही. सहा-सात तास लघवी झाली नाही, तोंड कोरडे पडले, टाळू आत गेली, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. इतक्या लहान बाळाचे घरी बसून उपचार करायचे नसतात.

असे काही दिसले तर सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच न्या. रात्र असेल तरी. १०८ वर फोन करा. आजारी बाळासाठी १०२ ची गाडीही मोफत मिळते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि ने-आण मोफत देण्याची तरतूद आहे, हे ठामपणे सांगा. या आजाराचे निदान सोनोग्राफीने होते आणि कधी ऑपरेशन लागते, म्हणून चंद्रपूर किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाऊ शकते. पाठवले तर ‘सकाळी जाऊ’ म्हणून रात्र काढू नका. वेळेत पोचलेल्या बाळाचे आतडे बऱ्याचदा ऑपरेशनशिवायच, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने सोडवता येते. सोबत कार्ड न्या आणि रोटाचा डोस कोणत्या तारखेला झाला ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

डोस राहून गेला असेल तर

उलटीच्या भीतीने किंवा गैरसमजाने पुढचा डोस चुकला असेल तर सुरुवातीपासून तीन डोस पुन्हा घ्यायचे नसतात. राहिलेले डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात. सरकारी कार्यक्रमात पहिला डोस बाळ एक वर्षाचे होईपर्यंत देता येतो. पण रोटाव्हायरसची गंभीर हगवण बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच गाठते, म्हणून उशीर न केलेला बरा.

ही लस सगळी हगवण थांबवत नाही, हेही सांगायला हवे. रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढू इथे ६,७९९ बाळांवर झाली. २०१४ मध्ये तिचा निष्कर्ष आला की पहिल्या वर्षात रोटाव्हायरसची गंभीर हगवण निम्म्याहून अधिक कमी झाली. म्हणजे लस घेतलेल्या बाळालाही हगवण होऊ शकते, पण दवाखान्यात भरती करण्याची वेळ येण्याचे प्रमाण घटते. हा फायदा तिन्ही डोस पूर्ण झाल्यावरचा आहे.

सत्रातून निघण्याआधी नर्सबाईंना चार गोष्टी विचारा: आज कोणकोणत्या लसी दिल्या, रोटा कोणत्या कंपनीची होती, ती पुन्हा द्यावी लागली का, आणि पुढची तारीख कोणती. उत्तरे माता-बाल कार्डावर लिहून घ्या. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या आणि कार्ड घरात एकाच जागी ठेवा.